‘खाली!’ म्हणजे कोठे?

परमुलखात जाणाऱ्या माणसाने तेथील भाषेतील कोणते शब्द प्रथम शिकून घ्यावेत, असा प्रश्न केला तर बहुतेक जण ‘पाणी’, ‘किती’, ‘कोठे’ या शब्दांची नावे घेतील. हे शब्द उपयोगी आहेत यात संशय नाही. परंतु ते न आले तरी माणसाचे फारसे बिघडत नाही. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी मिळते, आणि बोटांनी पैसे मोजता येतात. समोरचा माणूस थांबलेला असतो, आपणही थांबलेले असतो, आणि एकदा न कळलेली गोष्ट दुसऱ्यांदा विचारण्यास सवड असते. ही सवड ज्यांच्या वाट्याला येत नाही असा शब्दांचा एक लहानसा वर्ग आहे. ‘सांभाळा’, ‘जपून’, ‘बाजूला व्हा’, ‘पायरी आहे’ हे ते शब्द होत. त्यांचा अर्थ अर्ध्या सेकंदात कळला तर ते शब्द. त्यानंतर कळला तर तो केवळ पश्चात्ताप.

असे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना काय होते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. तो करण्यासाठी बऱ्हाणपुराइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात आहे आणि 2003 पासून जिल्ह्याचे ठिकाण आहे. खानदेशातील रावेर येथून अगदी जवळ आहे, आणि त्याचे रेल्वे स्थानक भुसावळ विभागात मोडते. 1956 पूर्वीच्या, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. राज्यपुनर्रचनेनंतर बऱ्हाणपूर हिंदी राज्यात राहिले, पण बाजारातली मराठी काही निघून गेली नाही. हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती आणि निमाडी तेथे एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि भोवतालच्या डोंगरांतून येणाऱ्या कोरकू माणसाला तर यांपैकी एकही भाषा घरची नसते. शिवाय हे गाव परक्यांच्या राबत्याचे आहे. दर्गा-ए-हकीमीला देशभरातून बोहरा यात्रेकरू येतात, इच्छापूरच्या देवीला खानदेशातून भाविक जातात, असीरगड आणि भूमिगत जलव्यवस्था पाहण्यासाठी प्रवासी येतात, आणि यंत्रमागांवर कामासाठी मजूर येतात. या सर्वांना कोणीतरी, केव्हातरी, ‘अहो, जपून!’ म्हणणार असते.

मराठी आणि हिंदी या सख्ख्या बहिणी, लिपीही एक, तेव्हा येथे भाषांतराची अडचण ती कसली, असे वाचकांना वाटेल. खरी अडचण या जवळिकीतूनच उत्पन्न होते. तमिळ वा बंगाली शब्द कानावर पडला तर तो आपल्याला कळलेला नाही एवढे तरी आपल्याला कळते, आणि आपण दचकून थांबतो. दचकून थांबणे हाही एक बचावच आहे. परंतु शब्द ओळखीचा वाटला आणि अर्थ मात्र वेगळा निघाला, तर माणूस थांबत नाही. तो आत्मविश्वासाने चुकीची गोष्ट करतो.

‘खाली’ हा शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ खालच्या बाजूस. हिंदीत अरबीमधून आलेला ‘खाली’ म्हणजे रिकामा, मोकळा. आता एका बांधकामाची कल्पना करा. भिंतीवर उभा असलेला हिंदीभाषी गवंडी विटांचे तुकडे खाली टाकण्याच्या बेतात आहे. पलीकडे उभ्या असलेल्या मराठी मजुराला दिसते की भिंतीच्या पायथ्याशी एक पोर खेळत आले आहे. तो सर्व शक्तीनिशी ओरडतो, ‘खाली! खाली!’ त्याला म्हणायचे असते की खाली बघ, खाली कोणी आहे. वरच्या माणसाच्या कानात शिरते ते असे की जागा खाली आहे, मोकळी आहे, टाक. असा अपघात अमुक दिवशी अमुक ठिकाणी झाला असे आम्ही सांगत नाही. तो होण्यासाठी कोणाचाही निष्काळजीपणा लागत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. ओरडणारा सावध होता, ऐकणारा तत्पर होता, आणि शब्द दोघांनाही येत होता.

दुसरा शब्द ‘धरा’. मराठीत धरणे म्हणजे पकडणे, हातातून न सोडणे. हिंदीतही हा अर्थ पूर्वापार आहे, परंतु रोजच्या बोलण्यात ‘धर दो’ म्हणजे ठेवून द्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये ताण्याच्या सुताने भरलेला बीम दोघातिघांनी मिळून उचलावा लागतो. मागच्या माणसाची पकड सुटू लागली आणि तो ‘धर, धर!’ असे ओरडला, तर मराठी जोडीदार पकड घट्ट करील. हिंदी जोडीदार, विशेषतः तो नवखा असेल तर, आपली बाजू जमिनीवर ठेवण्यासाठी वाकेल, आणि तिरपा झालेला सगळा भार मागच्याच्या पायावर येईल. ‘थांबा’ची गोष्ट याच जातीची. हिंदीत ‘थम जाओ’ म्हणजे थांबा हे खरे, पण ‘थामो’ म्हणजे आधार द्या, पकडा. गोंगाटात या दोहोंमधील अंतर एका स्वराचे असते. धोक्याच्या पाटीवरील ‘धोका’ हा शब्दही निर्वेध नाही. मराठी वाचकाला त्यात संकट दिसते, हिंदी वाचकाला फसवणूक. संकटाला तो ‘खतरा’ म्हणतो. आणि हिंदीतील ‘सीढ़ी’ ऐकून मराठी प्रवासी पायाखालच्या पायरीऐवजी भिंतीला टेकवलेली शिडी शोधू लागतो.

बऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला हा घोटाळा सहसा होत नाही. तो दोन्ही भाषांत वाढलेला असतो आणि समोरच्याच्या तोंडावरून कोणता ‘खाली’ चालू आहे हे ओळखतो. धोका असतो तो परवाच कामाला लागलेल्याला आणि आजच सकाळच्या गाडीने उतरलेल्याला. अपरिचित जागी माणूस एकाच वेळी दोन गोष्टींना अनोळखी असतो, तेथील जमिनीला आणि तेथील आवाजांना.

ही झाली शेजारच्या भाषेची गोष्ट. इंग्रजीवरून केलेल्या सूचनांचे दुखणे निराळे आहे. इंग्रजीत ‘वॉच आउट’ हे दोन शब्द आहेत आणि त्यांचा शब्दशः अर्थ ‘बाहेर पाहा’ असा होतो. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्याला कोणी असे सांगितले तर तो नेमके डोके बाहेर काढील. ‘माइंड द स्टेप’चे भाषांतर ‘पायरीची काळजी घ्या’ असे केले तर पायरी आजारी असून तिची शुश्रूषा करावयाची आहे असा भास होतो. हे विनोद झाले. त्याहून घातक चूक गंभीर चेहऱ्याने केली जाते, आणि ती म्हणजे सूचनेचे सौजन्यपूर्ण वाक्य करणे.

‘कृपया पायऱ्या उतरताना काळजी घ्यावी’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ते मोठ्याने म्हणून पाहा. बारा-तेरा उच्चार होतात आणि सामान्य गतीने बोलण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. सपाट जमिनीवर माणूस सेकंदाला सुमारे सव्वा मीटर चालतो. म्हणजे वाक्य सुरू झाले तेव्हा पायरीपासून अडीच मीटरांवर असलेला पाहुणा ‘घ्यावी’ ऐकेपर्यंत पायरीवर पोहोचलेला असतो. त्यापुढे ऐकलेले उमजण्यास आणि पाय आवरण्यास लागणारा क्षण शिल्लक उरत नाही. उलट ‘पायरी!’ एवढेच म्हटले तर अर्धा सेकंद लागतो, आणि दीड मीटरहून अधिक अंतर हाती राहते. ‘कृपया’ या शब्दाने येथे कृपा होत नाही. तो सूचनेतील पहिली आणि सर्वांत मोलाची जागा अडवून बसतो.

लांब सूचनेला स्थानच नाही असे मात्र नव्हे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत फलाट आणि पायदान यांमधील अंतराकडे लक्ष देण्याविषयी जी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते ती चांगली लांबलचक आहे. रोज तीच गाडी पकडणाऱ्याला ती पाठ असते. त्याच्या दृष्टीने ते वाक्य राहिलेलेच नसते, आरतीसारखा तो एक परिचित नाद असतो आणि पहिल्याच शब्दाला त्याला सर्व आठवते. लंडनच्या भुयारी रेल्वेने 1960 च्या दशकाच्या अखेरीस अशी सूचना ध्वनिमुद्रित करण्याचे ठरविले तेव्हा मात्र तीन शब्दांतच काम भागविले, आणि आज जगभरचे प्रवासी ती ओळखतात. ओळखीच्या जागी लांब वाक्य चालते. अनोळखी जागी चालत नाही. आपले फलक लिहिणारे लोक त्या जागेशी पूर्ण परिचित असतात, म्हणूनच त्यांना आपले वाक्य लांब वाटत नाही.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे, आणि तिच्याकडे आमचे व्याकरणकारही सूचनाफलकांच्या दृष्टीने पाहत नाहीत. आपल्या भाषेत आज्ञेतील नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘उतरू नका’, ‘हात लावू नका’, ‘पुढे जाऊ नका’. शेवटचा शब्द वाऱ्याने, यंत्राच्या आवाजाने वा गर्दीने गिळला तर हाती काय राहते? ‘उतरू’, ‘हात लावू’, ‘पुढे जाऊ’. ज्याला मराठी नीट येते तो रूपावरून नकार ताडील. ज्याला जेमतेम येते त्याला केवळ क्रिया कळेल आणि तो ती करील. पाटीचा उजवा कोपरा गंजला वा फाटला तर छापील सूचनेचेही हेच होते. हिंदीत ‘मत उतरो’, ‘मत छुओ’ असा नकार आधी येतो, त्यामुळे शेपूट तुटले तरी निदान निषेध शिल्लक राहतो. अर्थात तेथेही ‘रोको, मत जाने दो’ आणि ‘रोको मत, जाने दो’ या शाळेतील जुन्या उदाहरणाने दाखविल्याप्रमाणे एक स्वल्पविराम सगळे उलटे करू शकतो. तात्पर्य, घाईच्या वेळी मराठीने नकारातून बोलूच नये. ‘पुढे जाऊ नका’ऐवजी ‘थांबा’, ‘हात लावू नका’ऐवजी ‘हात लांब’. काय करू नये हे सांगण्यापेक्षा काय करावे हे सांगितले की शब्दही कमी होतात आणि अर्थ उलटण्याची भीतीही टळते.

या उणिवेची भरपाई करणारी एक देणगीही मराठीकडे आहे. आज्ञार्थ वापरताना आपल्याला समोरच्याचा दर्जा ठरवावा लागतो. ‘सांभाळ’ म्हणावे की ‘सांभाळा’? वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला ‘हट’ म्हटले तर तो बाजूला होण्याआधी रागावून मागे वळतो, आणि रागावण्यात गेलेला तो क्षणच घातक ठरतो. यातून आपल्या बोलीने फार पूर्वीच वाट काढली आहे. ‘जपून!’, ‘सांभाळून!’, ‘बघून!’ ही रूपे पाहा. यांत तू नाही, तुम्ही नाही, पुरुष नाही, स्त्री नाही. लहान मुलाला आणि न्यायाधीशाला ती सारखीच लागू पडतात. हिंदीतील ‘संभलकर’, ‘देखकर’ यांची घडणही अशीच आहे. आमच्या फलकांवर ‘सावधानता बाळगावी’ असे लिहिणाऱ्यांनी घरातील आजीचे ‘जपून रे’ आठवावे. ‘सावधान’ या शब्दाविषयी तर असे की मंगलाष्टकांनी त्याला अक्षता दिल्या आणि कवायतीने त्याला टाचा जुळवायला लावल्या. रामदासस्वामी तो शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले अशी कथा आपण सांगतो, पण त्यानंतर तो ऐकून कोणी जागचा हललेला नाही.

मग करावे काय? दोन्ही भाषांचे शब्द शेजारी मांडून पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आज्ञा देणारी क्रियापदे भिन्न आहेत, परंतु धोक्यांची नावे बहुतांशी एक आहेत. आग ती आगच. तार, गाडी, साप, काच, पाणी यांचे उच्चार थोडेफार बदलतात, अर्थ बदलत नाही. ‘धरा’, ‘थांबा’, ‘हटो’, ‘रुको’ येथे वाटा फुटतात, ‘तार!’ येथे फुटत नाही. म्हणून मिश्र भाषेच्या गावात प्रथम धोक्याचे नाव घ्यावे. आपल्या वाक्यरचनेलाही ते मानवते, कारण कर्म आधी आणि क्रियापद मागून ही मराठी आणि हिंदी दोहोंची चाल आहे. ‘पायरी’ किंवा ‘डोके’ यांसारखी थोडी नावे दोन भाषांत वेगळी आहेत, तेथे दोन्ही नावे लागोपाठ घ्यावीत आणि हात तिकडे करावा.

या उपायाला मर्यादा आहे हेही सांगितले पाहिजे. नुसते ‘साप!’ ऐकून माणूस उडी मारतो, आणि उडी नेमकी सापावर पडू शकते. नाव कळले तरी दिशा कळत नाही. त्यामुळे दुसरा शब्द दिशेचा हवा, आणि ‘खाली’सारख्या शब्दांच्या बाबतीत तो जिभेवर न सोडता बोटावर सोपवावा. गर्दीत तिसरीही गोष्ट लागते. कोणाला उद्देशून आपण ओरडतो आहोत? ‘सांभाळा!’ असे ओरडले की दहा जण एकमेकांकडे पाहतात. ‘ओ टोपीवाले भाऊ, तार!’ म्हटले की एकच जण पाहतो, आणि तो नेमका पाहायला हवा असतो. हाक, धोका, दिशा हा तो क्रम आहे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र हाही क्रम पुरत नाही. जुन्या धोट्याच्या मागांचा खडखडाट इतका असतो की एका हाताच्या अंतरावरील माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. व्यंजने बुडतात आणि उरतात ते केवळ स्वर. ‘ए’, ‘ओ’, ‘हो’ अशा उघड्या स्वरांच्या हाकाच तेथे थोड्याफार पोहोचतात, आणि त्यांतून लक्ष वेधले जाते, अर्थ कळत नाही. धोटा मार्ग सोडून मागाबाहेर उडणे हा अशा मागावरील जुना धोका आहे. तो उडाल्यावर ओरडण्याचा उपयोग नसतो, कारण आवाजापूर्वी तो अंगावर आलेला असतो. तेथे नवख्याला पहिल्याच दिवशी, माग बंद असताना, धोटा कोणत्या बाजूंनी सुटू शकतो आणि कोठे उभे राहायचे नाही हे जागेवर नेऊन दाखविणे हीच खरी सूचना होय. ज्या जागी शब्द पोहोचत नाही त्या जागी शब्दावर विसंबणे ही फसवणूक आहे.

फलकांच्या भाषेविषयी कायद्यांनी विचार केला आहे, पण दोन कायद्यांनी दोन तऱ्हांनी. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी धोक्याची सूचना हिंदी वा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लिहून जोडीला कवटी व हाडे यांचे चित्र लावण्यास सांगितले. 1948 च्या कारखाना कायद्याने सूचना इंग्रजीत आणि त्या कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्यास सांगितले. पहिल्या नियमाने जिल्हा पाहिला, दुसऱ्याने माणसे पाहिली. बऱ्हाणपुरासारख्या ठिकाणी पहिल्याचा अर्थ केवळ हिंदी असा होतो. दुसऱ्याचा दृष्टिकोन आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो, परंतु त्यातही बहुसंख्य हा शब्द आहे. शेडमधील एकटा कोरकू तरुण बहुसंख्य नसतो, आणि विजेच्या तारेला मतमोजणी कळत नाही. कवटीचे चित्र त्याच्यासाठी असते. तेही पुरते नाही, कारण चित्र धोका सांगते, तो कोठवर पोहोचतो हे सांगत नाही.

बऱ्हाणपूरच्या भूमिगत जलव्यवस्थेचे उदाहरण येथे बोलके आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळी, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी विहिरींच्या मालिकेतून आणि जमिनीखालील बोगद्यांतून शहरापर्यंत आणले गेले. या रचनेला काही जण कुंडी भंडारा म्हणतात आणि पुष्कळ जण खुनी भंडारा. परगावचा माणूस दुसरे नाव वाचून चपापतो. नावात खून आहे, पण धोका नाही. धोका आहे तो खाली उतरल्यावर, पायाखालच्या पाण्यात आणि चुन्याच्या थरांनी अरुंद झालेल्या बुटक्या वाटेत. तेथे ‘डोके! सिर!’ एवढेच शब्द हवेत, तेही छत बुटके होण्याच्या जागी नव्हे तर तीन पावले अलीकडे, जेथे पाहुणा अजून ताठ चालत असतो. पायरीशी लावलेली पायरीची पाटी पडलेल्या माणसाला वाचता येते.

म्हणून कोणतीही सूचना लावण्यापूर्वी तिची एक परीक्षा घ्यावी, असे आम्ही सुचवितो. त्या जागी कधी न आलेला आणि दुसरी भाषा बोलणारा एक माणूस आणावा. त्याला सूचना ऐकवावी वा दाखवावी, आणि ‘याचा अर्थ काय?’ असे न विचारता ‘आता तू काय करशील?’ असे विचारावे. अर्थ पुष्कळांना सांगता येतो. ‘खाली’चा अर्थही त्या भिंतीवरच्या गवंड्याला सांगता आला असता. तो माणूस थांबला, वाकला किंवा मागे सरला, तर सूचना उतरली. तो ‘अच्छा’ म्हणून पुढे चालू लागला, तर पाटी कितीही शुद्ध असो, ती उतरवून ठेवावी.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत 1590 च्या सुमाराचा, फारुकी सुलतान आदिलशाहाच्या काळचा शिलालेख आहे. तो अरबीत आहे आणि संस्कृतातही आहे. आपल्या इमारतीत शिरणारा प्रत्येक जण एकच भाषा जाणतो असे तो कोरविणाऱ्या राजाने गृहीत धरले नाही. स्तुतीसाठी आणि स्मरणासाठी दोन भाषांचे कष्ट त्या काळी घेतले गेले. पायरीसाठी, तारेसाठी आणि उडणाऱ्या धोट्यासाठी दोन शब्दांचे कष्ट आज घ्यावयाचे आहेत, आणि दगडात कोरण्याचीही त्यासाठी गरज नाही.